डोक्यातून न जाणारी चाल

डोक्यात गाणे अडकते असे म्हटले जाते, पण अख्खे गाणे क्वचितच अडकते. अडकतो तो त्याचा एक तुकडा: बहुधा मुखड्याची एखादी ओळ, कधी दोन, फार तर पंधरा ते तीस सेकंदांची चाल. हा तुकडा संपतो तिथे गाणे पुढे सरकत नाही, तुकडाच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. माणसाने तो मुद्दाम आठवलेला नसतो आणि नको म्हटले तरी तो थांबत नाही. मानसशास्त्रात याला ‘अनैच्छिक सांगीतिक प्रतिमा’ असे भारदस्त नाव आहे. या नावातला ‘अनैच्छिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आवडीचे गाणे मनातल्या मनात म्हणणे वेगळे आणि भांडी घासताना, जिना चढताना, हिशेब करताना तेच ते आपोआप वाजत राहणे वेगळे.

हा अनुभव अगदी सर्वसामान्य आहे. फिनलंडमधल्या बारा हजारांहून अधिक लोकांची इंटरनेटवरून घेतलेली पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ९० टक्के लोकांना आठवड्यातून एकदा तरी असे होत होते. गाणे-वाजवणे करणाऱ्यांत आणि ज्यांच्या आयुष्यात संगीताला मोठी जागा आहे अशांत त्याचे प्रमाण जास्त दिसते. बहुतेकांना याचा त्रासही होत नाही. चाल येते, थोडा वेळ घोळते, कधी निघून गेली ते कळतही नाही. लक्षात राहतात ते पिच्छा न सोडणारे मोजके प्रसंग, आणि सगळी तक्रार त्यांच्याविषयीच असते.

ही मनातली चाल मूळ गाण्याशी किती जुळते, हे तपासणे अवघड वाटते, कारण दुसऱ्याच्या डोक्यात वाजणारे कोणाला ऐकू येणार? लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यावर एक साधी युक्ती काढली. हालचाल मोजणारे एक छोटे यंत्र लोकांच्या मनगटावर बांधले आणि त्यांना नेहमीच्या कामाला जाऊ दिले. चाल मनात सुरू झाली की तिच्या ठेक्यावर हाताने टिचक्या मारायच्या आणि कोणते गाणे होते ते वहीत लिहायचे, एवढेच काम. चार दिवसांनी यंत्रात नोंदलेली लय मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली. निम्म्याहून जास्त वेळा मनातली लय मूळ लयीच्या दहा टक्क्यांच्या आत होती. म्हणजे मूळ गाण्यात मिनिटाला १२० ठोके असतील, तर मनातले गाणे १०८ ते १३२ ठोक्यांच्या दरम्यान चालले होते. ठेका धरायला तबलजी नाही, तंबोरा नाही, ऐकायला काहीच नाही, तरी लय इतकी जवळ राहते. आपण गाण्याची ढोबळ आठवण जपतो असे वाटते. प्रत्यक्षात जपले जाते ते त्याहून बरेच नेमके असते.

चाल शिरते कुठून

पुष्कळदा वाटते की गाणे आपसूक, कुठूनही आले. बारकाईने मागोवा घेतला तर बहुतेक वेळा एखादे कारण सापडते. ब्रिटनमधल्या व्हिक्टोरिया विल्यमसन आणि त्यांच्या गटाने बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांकडून असे शेकडो अनुभव गोळा केले आणि २०१२ मध्ये त्यांची वर्गवारी मांडली. सर्वांत मोठा वाटा अपेक्षित कारणांचाच निघाला: ते गाणे नुकतेच ऐकलेले असते किंवा अलीकडे वारंवार कानावर पडलेले असते. त्याखालोखाल येतात आठवणीच्या खुणा. बोलण्यात आलेला एखादा शब्द गाण्यातल्या शब्दाशी जुळतो. एखादी व्यक्ती दिसते आणि तिच्याशी जोडलेले गाणे सुरू होते. एखाद्या यंत्राची खडखड अचानक ओळखीच्या ठेक्यात ऐकू येते. खूण इतकी किरकोळ असते की ती लक्षातच येत नाही, म्हणून गाणे आभाळातून पडल्यासारखे वाटते. तिसरे कारण मनाच्या अवस्थेत असते. मन रिकामे असेल, भरकटलेले असेल किंवा ताणाखाली असेल, तर चालीला शिरायला वाट मिळते.

ही कारणे एकत्र आली की काय होते हे पाहायला महाराष्ट्रात गणेशोत्सवाचे दिवस पुरेसे आहेत. घरात सकाळ-संध्याकाळ आरती होते, शेजारच्या घरातली कानावर येते, मंडळाच्या ध्वनिक्षेपकावरची वेगळीच. दहा दिवसांत तीच चाल कितीदा ऐकली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शिवाय ती नुसती ऐकलेली नसते. टाळ्या वाजवत, झांजांच्या ठेक्यावर, स्वतःच्या गळ्याने म्हटलेली असते. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद परत येते आणि ते सगळ्यांना पाठ असते, मधल्या कडव्यांत मात्र पुष्कळांचा आवाज खाली येतो. नंतर कापराच्या वासाने, झांजेच्या आवाजाने किंवा नुसत्या मोदकाच्या दर्शनाने चाल डोक्यात सुरू होते, तेव्हा फिरत राहते ते ध्रुपद. आवाज खाली येणारी कडवी अशी फिरत नाहीत. हा फरक का पडतो, याचे उत्तर चालीच्या घडणीत आणि आठवणीच्या कामात आहे.

चिकटणाऱ्या चालीची घडण

सगळी लोकप्रिय गाणी सारखी चिकटत नाहीत. एकाच महिन्यात आलेल्या, सारख्याच वाजलेल्या दोन गाण्यांपैकी एक आठवडाभर छळते आणि दुसरे रेडिओ बंद होताच विरून जाते. हा फरक निव्वळ योगायोगाचा आहे की सुरांच्या रचनेत काही सापडते, हे जाकुबोव्स्की, डॅनियल म्युलेन्सीफेन, लॉरेन स्ट्युअर्ट आणि सेबास्टियन फिंकेल यांनी तपासले. त्यांचा निबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या विषयातला तो आजही सर्वांत उपयोगी अभ्यास म्हणावा लागेल, कारण त्यात तुलना नीट केलेली होती.

सुमारे तीन हजार लोकांना विचारले गेले की अलीकडे तुमच्या डोक्यात कोणते गाणे अडकले होते. उत्तरांत सर्वांत वर आले लेडी गागाचे ‘बॅड रोमान्स’. पहिल्या नऊ गाण्यांत तिचीच तीन होती. नुसती यादी पाहून काही ठरत नाही, कारण जे गाणे जास्त वाजले त्याचे नाव जास्त घेतले जाणारच. म्हणून संशोधकांनी सर्वाधिक नावे आलेली शंभर गाणी घेतली आणि त्यांच्यासमोर अशी शंभर गाणी ठेवली, जी ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत तितकीच वर गेली होती, तितक्याच अलीकडची होती, पण अडकल्याची तक्रार कोणीच केली नव्हती. मग दोन्ही गटांच्या चालींचे संगणकावर सुरागणिक विश्लेषण केले.

तीन गोष्टी वेगळ्या निघाल्या. चिकटणारी गाणी सरासरीने जलद लयीची होती. याचा संबंध बहुधा शरीराशी आहे: ज्या लयीवर पाय चालतात आणि बोटे ठेका धरतात, ती चाल चालता-फिरता पुन्हा सुरू व्हायला सोपी जाते. दुसरी गोष्ट चालीच्या एकंदर चढउताराची. चिकटणाऱ्या चालींचा आराखडा सरधोपट असतो. ओळ वर चढते आणि मग खाली उतरते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला येणारी ‘ट्विंकल ट्विंकल’ची चाल याचा नमुना आहे. षड्जावरून ती पंचमावर जाते, धैवताला शिवते आणि मग एकेक स्वर उतरत षड्जावर परत येते. जगभरच्या बालगीतांत हा आराखडा पुन्हा पुन्हा भेटतो. असा मार्ग गळ्याला ओळखीचा असतो. एकदा ऐकले की पुढचा सूर कुठे असणार याचा अंदाज येतो आणि चाल पटकन लक्षात राहते.

तिसरी गोष्ट मात्र या दुसरीच्या उलट दिशेची आहे. आराखडा सरधोपट असला तरी आत कुठेतरी अनपेक्षित जागा असते: अपेक्षेपेक्षा मोठी उडी, किंवा एकच सूर नेहमीपेक्षा जास्त वेळा ठोकणे. ग्लेन मिलरच्या ‘इन द मूड’मधला सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा आणि ‘माय शरोना’चा गिटारचा तुकडा ही संशोधकांनी दिलेली उदाहरणे. चाल पूर्णपणे अपेक्षित असेल तर ती हजारो चालींसारखीच एक होऊन बसते आणि तिला स्वतःची ओळख उरत नाही. पूर्णपणे अनपेक्षित असेल तर गळ्यात बसतच नाही. दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीत चिकटणारी चाल सापडते.

यावरून हमखास चिकटणारे गाणे बनवता येईल असे कोणाला वाटले, तर ते खरे नाही. गाणे किती आठवडे यादीत होते आणि ते किती ताजे आहे, याचा प्रभाव या अभ्यासातही ठळक होता. शिवाय विश्लेषण फक्त मुख्य चालीचे होते. शब्द, आवाजाचा पोत, वाद्यमेळ त्यात नव्हता आणि गाणी ब्रिटनमध्ये गाजलेली पाश्चात्त्य पॉप होती. रागाच्या चौकटीत बांधलेल्या किंवा लोकसंगीताच्या ठेक्यावर उभ्या चालींना हेच निष्कर्ष जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे आणि ती म्हणजे पुनरावृत्ती. आपल्याकडच्या चित्रपटगीताची आणि भावगीताची बांधणी पाहावी. मुखड्याची पहिली ओळ सुरुवातीला बहुधा दोनदा येते. पहिला अंतरा संपला की ती परत येते, दुसरा संपला की पुन्हा. तीन-चार मिनिटांचे गाणे एकदा ऐकले तरी ती ओळ किमान चार वेळा कानावर पडते, तर अंतऱ्याची प्रत्येक ओळ त्या मानाने फार कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंतऱ्याची शेवटची ओळ मुद्दाम अशी बांधतात की ती मुखड्याकडे ओढ लावते. तालाच्या आवर्तनातल्या शेवटच्या मात्रा जशा समेकडे नेतात, तसेच हे काम चालते. मुखडा म्हणजे पुन्हा पुन्हा परतण्यासाठीच घडवलेला तुकडा. तो डोक्यात फिरत राहतो तेव्हा संगीतकाराने त्याला नेमून दिलेलेच काम करत असतो, फक्त त्याला थांबवायला अंतरा उरलेला नसतो.

फेरा थांबत का नाही

चाल शिरली कशी आणि अमुकच चाल का, हे यावरून बरेचसे कळते. ती तासन्‌तास का फिरते, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी ओळखीचे गाणे ऐकताना मेंदू काय करतो ते पाहावे लागते.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २००५ मध्ये एक प्रयोग झाला. लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून गाणी ऐकवली. काही गाणी त्यांच्या ओळखीची होती, काही अनोळखी. गाण्यांतून मधेमधे काही सेकंदांचे तुकडे कापून तिथे शांतता ठेवली होती. अनोळखी गाणे थांबले की शांतता ही शांतताच राहायची. ओळखीच्या गाण्यात मात्र त्या रिकाम्या जागेतही मेंदूचा ऐकण्याशी संबंधित भाग काम करत राहायचा आणि लोक सांगायचे की गाणे मनात पुढे चालूच होते. त्यांना तसे करायला कोणी सांगितलेले नव्हते. शब्द नसलेल्या संगीतात तर ही हालचाल कानाकडून येणारा आवाज प्रथम जिथे पोचतो त्या भागापर्यंत पसरलेली दिसली. म्हणजे मनात वाजणारी चाल ही ऐकण्याच्याच यंत्रणेवर चालते, आणि ओळखीच्या चालीत पुढचा सूर भरून काढणे हे मेंदूचे रोजचे, न सांगता होणारे काम आहे.

या कामात ऐकण्याबरोबर गळाही सामील असतो. दूरध्वनी क्रमांक कोणी सांगितला आणि लिहायला कागद नसला, की माणूस तो मनात पुटपुटत राहतो. ओठ हलत नाहीत, आवाज निघत नाही, पण बोलण्याची तयारी करणारी यंत्रणा चालू असते. आतला आवाज म्हणतो, आतला कान ऐकतो, आणि ऐकलेले पुन्हा म्हटले जाते. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये अल्पकालीन स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यात अशा फेऱ्याला महत्त्वाची जागा आहे. मुखड्याचा तुकडा या फेऱ्यात सापडला की त्याची शेवटची मात्रा पहिल्या सुराची खूण बनते. पुढचे गाणे नीट पाठ असते तर मन कदाचित पुढे गेले असते. पाठ नसते, किंवा मुखड्याइतके पक्के नसते, म्हणून सर्वांत घट्ट दुव्याकडे वळते आणि तो दुवा परत सुरुवातीकडेच नेतो. आरतीचे ध्रुपद फिरते आणि मधली कडवी फिरत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच.

‘अर्धवट राहिलेली गोष्ट मनाला टोचत राहते, म्हणून अर्धवट ऐकलेले गाणे अडकते’ हे स्पष्टीकरण फार लोकप्रिय आहे. त्याचे मूळ ब्ल्यूमा झैगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात आहे. मधेच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असे तिने म्हटले होते. गाण्यांच्या बाबतीत या कल्पनेला ठाम पुरावा मिळालेला नाही. संपूर्ण ऐकलेली गाणीही खुशाल अडकतात. कल्पना आकर्षक आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये.

भक्कम आढळलेली गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आयरा हायमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की मनाला दिलेले काम किती जड आहे यावर चालीचे येणे अवलंबून असते. अंगवळणी पडलेल्या, फार हलक्या कामात मनाचा बराचसा भाग मोकळा राहतो आणि तिथे चाल येऊन बसते. हे ओळखीचे आहे. पण सुडोकूसारखी कोडी फार अवघड केली तेव्हाही गाणी परत आली, कारण न झेपणाऱ्या कामापासून मन निसटते आणि जे सहज हाती लागेल ते धरते. पूर्ण गुंतवून ठेवणारे, पण झेपणारे काम असेल तेव्हा चाल सर्वांत कमी येते. आणखी एक नोंद उपयोगाची आहे. गाणे ऐकून झाल्या झाल्या ज्यांच्या मनात ते फिरत होते, त्यांच्याकडे ते पुढच्या चोवीस तासांत परत येण्याची शक्यताही जास्त होती. प्रत्येक फेरा म्हणजे एक नवी उजळणी असते. चाल फिरल्यामुळे ताजी राहते आणि ताजी राहिल्यामुळे फिरते. तासन्‌तास चालणाऱ्या फेऱ्याचे एवढे साधे स्पष्टीकरण पुष्कळ अंशी पुरते.

घालवायची कशी

सर्वांत पहिला उपाय जो सुचतो तो सर्वांत वाईट आहे. ‘आता हे गाणे आठवायचे नाही’ असा निश्चय केला की मनाला ते गाणे आले का, हे सतत तपासत राहावे लागते आणि तपासायचे म्हणजे आठवायचे. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगून हेच दाखवले होते. अस्वल येतच राहिले.

दुसरा उपाय ऐकायला हास्यास्पद आहे, पण तो मोजून पाहिलेला आहे. आतला आवाज जर बोलण्याची यंत्रणा वापरत असेल, तर जबडा आणि जीभ दुसऱ्या कामाला लावल्यावर फेरा अडायला हवा. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात फिलिप बीमन आणि सहकाऱ्यांनी हे २०१५ मध्ये तपासले. विद्यार्थ्यांना मरून फाइव्हचे ‘पेफोन’ यांसारखे चिकट गाणे ऐकवले. मग काही मिनिटे ते मनात आले की संगणकाची कळ दाबायची, अशी सूचना दिली. च्युइंग गम चघळणाऱ्यांना गाणे कमी वेळा आठवले. गाणे मनात ‘ऐकू’ येण्याचे प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटले. नुसती बोटाने टिचकी मारायला सांगून पाहिले, तर तिचा परिणाम चघळण्याइतका झाला नाही. म्हणजे लक्ष दुसरीकडे गेल्याचा हा सगळा परिणाम नव्हता, चघळण्यात काही विशेष होते. मात्र प्रमाण घटले, चाल नाहीशी झाली नाही, आणि मोजणी काही मिनिटांचीच होती, हेही लक्षात ठेवायला हवे. आपल्याकडे गमाऐवजी बडीशेप चालेल का, हे कोणी मोजलेले नाही. तत्त्वाने मात्र चालायला हरकत दिसत नाही.

तिसरा मार्ग काट्याने काटा काढण्याचा. एका गाण्याच्या जागी दुसरे मनात आणायचे. ब्रिटिश लोकांना असे औषधी गाणे कोणते, असे विचारले तेव्हा सर्वांत जास्त नाव आले त्यांच्या राष्ट्रगीताचे. निवड मार्मिक आहे. संथ लय, सरळ चाल आणि वर्षानुवर्षांची सवय, म्हणजे ते आधीच्या गाण्याला बाजूला सारते पण स्वतः सहसा ठाण मांडत नाही. धोका अर्थातच उघड आहे: औषध म्हणून घेतलेले गाणे स्वतःच चिकटू शकते. मूळ गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट ऐकणे हा उपायही पुष्कळजण सांगतात. ज्यांना पुढचे कडवे आठवत नसल्याने फेरा बसला आहे त्यांना त्याने सुटका मिळू शकते. इतरांसाठी ती आणखी एक उजळणी ठरते.

मार्क ट्वेनच्या १८७६ मधल्या एका विनोदी कथेत याहून सोपा उपाय आहे. ट्रामच्या कंडक्टरने तिकिटे पंच करण्याविषयीची एक फालतू कविता वर्तमानपत्रात वाचून निवेदकाची झोप उडते. अखेर ती तो आपल्या पाद्री मित्राला ऐकवतो आणि स्वतः मोकळा होतो. आता पाद्र्याचे हाल सुरू होतात. या उपायाची वैज्ञानिक चाचणी झालेली नाही, पण घराघरांत तो रोज वापरला जातो. स्वयंपाकघरातून गुणगुणलेली ओळ दहा मिनिटांनी दुसऱ्या खोलीतून ऐकू येते. बाकी सर्वांत कमी कष्टाचा मार्ग म्हणजे चालीला वाजू देणे आणि झेपेल असे गुंतवणारे काम हातात घेणे. चांगली कादंबरी या कामाला उत्तम.

रात्रीचा त्रास आणि एक छुपा उपयोग

झोपताना मात्र हातात घ्यायला काम नसते. अमेरिकेच्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी २०२१ मध्ये पन्नास जणांना प्रयोगशाळेत झोपवले आणि त्याआधी त्यांना गाजलेली गाणी ऐकवली. निम्म्यांना शब्दांसह, निम्म्यांना नुसत्या वाद्यांवर. शब्द नसलेले संगीत झोपेला बरे, असा सर्वांचा समज. निकाल उलटा लागला. शब्द काढलेल्या चालींनी जवळजवळ दुप्पट लोकांच्या डोक्यात ठाण मांडले. ओळखीच्या गाण्यातून शब्द काढले की मेंदू ते स्वतः भरत बसतो, असा याचा एक अर्थ लावता येतो. ज्यांच्या डोक्यात चाल अडकली त्यांना झोप लागायला वेळ लागला, रात्री जाग जास्त आली आणि झोप हलकी राहिली. झोपेत नोंदलेल्या मेंदूच्या लहरींवरून असेही दिसले की झोप लागल्यानंतरही मेंदू त्या संगीतावर काम करत होता.

मेंदू झोपेतही चालीला सोडत नाही, यात काही अर्थ असावा असे मानायला आणखी एक आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात बेंजामिन क्युबिट आणि पीटर जनाटा यांनी लोकांना नव्या, अनोळखी चाली पुन्हा पुन्हा ऐकवल्या आणि मग त्याच चाली पार्श्वसंगीत म्हणून जोडलेले चित्रपटांचे तुकडे दाखवले. पुढच्या आठवड्यांत ज्या चाली लोकांच्या डोक्यात जास्त फिरल्या, त्या त्यांना अधिक अचूक आठवल्याच, पण त्यांच्यासोबत पाहिलेल्या दृश्यांचे तपशीलही अधिक टिकले. चाल फिरते तेव्हा तिला चिकटलेला प्रसंगही उजळला जातो. तो उजळायचा बेत कोणी केलेला नसतो, हेच या निष्कर्षातले विशेष. जुने गाणे लागले की त्या काळचे घर, माणसे, सुट्टी एकदम समोर येते, त्यामागे अशा न जाणवलेल्या उजळण्या असू शकतात.

अडकलेली चाल आजार नाही. ती मनातच वाजते आहे हे माणसाला ठाऊक असते आणि आज ना उद्या ती जाते. पण गाणे बाहेरून येते आहे असे वाटत असेल, शेजारच्या घरात रेडिओ चालू आहे का हे पाहायला माणूस उठत असेल आणि तिथे काहीच नसेल, तर तो वेगळा प्रकार आहे. तो सांगीतिक भास असतो. उतारवयात ऐकू कमी येऊ लागलेल्यांत तो विशेषकरून आढळतो, आणि वेडाचे लक्षण समजून तो लपवला जातो. घरातल्या कोणी असे सांगितले, तर हसण्यावारी न नेता आधी त्यांची कानाची तपासणी करून घ्यावी.